उद्या सकाळी गोळी घ्यायची की नाही?

‘येत्या रविवारी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत आरोग्य तपासणी शिबिर. उपाशीपोटी यावे. जास्तीत जास्त संख्येने लाभ घ्यावा.’

पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कुठल्याही शहरातल्या गृहनिर्माण सोसायटीच्या सूचनाफलकावर साधारण अशीच नोटीस लागते. लिहिणाऱ्या सचिवांची तळमळ खरी असते. डॉक्टर ठरवलेले असतात, लॅबशी बोलणं झालेलं असतं, हॉल झाडून घेतलेला असतो. पण पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या, पंधरा वर्षांचा मधुमेह असलेल्या आजी ही नोटीस वाचतात तेव्हा त्यांना हवं ते त्यात सापडत नाही. नऊला जायचं की बारालाही चालेल? तोवर उपाशी राहायचं? पाणी प्यायचं का? आणि सकाळची साखरेची गोळी घ्यायची की नाही?

आजी शेजारी विचारतात, शेजारच्या काकू आपल्या अंदाजाने सांगतात, आणि त्या अंदाजाप्रमाणे रविवारची सकाळ पार पडते. रिपोर्टवर जो आकडा उमटतो तो आजींच्या प्रकृतीचा असतो, पण त्यात या गोंधळाचाही वाटा असतो. शिबिराची नोटीस ही तपासणीचीच पहिली पायरी आहे. ती नीट लिहिली तर आकडे विश्वासाचे येतात आणि कुणाला भोवळ येत नाही. म्हणून वेळ, गोळ्या आणि सोबत आणायच्या वस्तू या तीन गोष्टी नोटिशीत कशा लिहाव्यात आणि त्यामागे कारणं काय, ते पाहू.

उपाशी किती तास?

उपाशीपोटीच्या साखरेसाठी रक्त देण्यापूर्वी किमान ८ तास पोटात अन्न गेलेलं नसावं. शनिवारी रात्री नऊला जेवण आटोपलं आणि रविवारी सकाळी सातला रक्त दिलं, तर १० तास होतात. हे अगदी योग्य अंतर आहे. मात्र शिबिर ९ ते १ असेल आणि आजींचा नंबर साडेबाराला लागला, तर हेच अंतर साडेपंधरा तासांचं होतं. पंचाहत्तरीच्या माणसाला इतका वेळ उपाशी ठेवणं धोक्याचं आहे, आणि इतक्या लांबलेल्या उपाशीपणात येणारा साखरेचा आकडाही रोजच्या स्थितीचा राहत नाही. म्हणून उपाशीपोटीचं रक्त सकाळी ७ ते ९ या दोन तासांतच घेतलं जावं. डॉक्टरांची भेट, डोळे, इतर तपासण्या यांना नंतरचा वेळ आहे.

पाणी चालतं, नव्हे प्यावंच. सकाळी एक-दोन पेले साधं पाणी प्यायलं की शीर सापडायला सोपं जातं आणि रांगेत गळून गेल्यासारखं होत नाही. चहा मात्र चालत नाही, बिनसाखरेचाही नाही. दूध नाही, फळ नाही. उपवासाला चालणारी साबुदाण्याची खिचडी, केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू हे सगळं तपासणीच्या हिशेबाने जेवणच आहे. तेव्हा तारीख ठरवताना कॅलेंडर उघडून आदल्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी नाही ना, हे बघावं. दिवसभर उपास करून रात्री चंद्रोदयानंतर उशिरा जेवलेल्या माणसाचे दुसऱ्या दिवशी सातपर्यंत ८ तास भरतीलच असं नाही.

हे इतकं काटेकोर का, ते आकड्यांवरून कळतं. उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली असेल तर ती ठीक मानतात, १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पातळी, आणि १२६ किंवा जास्त आली तर मधुमेहाची शंका घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतात. उंबरठ्यावर असलेल्या माणसाला साखरेचा एक कप चहा आणि दोन बिस्किटं पलीकडे ढकलायला पुरेशी असतात. तो मग काही दिवस आपल्याला मधुमेह झाला या काळजीत काढतो.

याच्या उलट वागणारेही पुष्कळ असतात. शिबिर आलं की दोन दिवस आधीपासून भात, गोड, बटाटा बंद करतात, शनिवारी रात्री जेवतच नाहीत. रिपोर्ट चांगला यावा ही इच्छा समजण्यासारखी आहे, पण त्याने डॉक्टरांना रोजचं चित्र दिसत नाही. शिवाय इन्सुलिन किंवा काही प्रकारच्या साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने रात्रीचं जेवण टाळलं, तर झोपेत साखर उतरू शकते. नोटिशीत एक ओळ असावी: आदल्या दिवशी नेहमीसारखं जेवा, उपास करू नका.

गोळ्यांचं काय करायचं?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ‘उपाशीपोटी या’ एवढंच वाचून काहीजण सकाळच्या सगळ्या गोळ्या टाळतात, तर काहीजण सवयीने सगळ्या घेऊन येतात. दोन्ही चूक, कारण सगळ्या गोळ्यांचा नियम एक नाही.

रक्तदाबाची गोळी रोजच्या वेळेला, पाण्याबरोबर घ्यावी. ती टाळून आलेल्या माणसाचा रक्तदाब वाढलेला दिसतो, आणि तो गोळी न घेतल्यामुळे वाढला की गोळी पुरत नाही म्हणून वाढला, हे समोर बसलेल्या डॉक्टरांना कळत नाही. डोस विनाकारण वाढवला जाण्याची शक्यता त्यातून तयार होते. थायरॉईडची गोळी तर उपाशीपोटीच घ्यायची असते, तीही घ्यावी. हृदयासाठीची रक्त पातळ करणारी गोळी बंद करू नये. फक्त रक्त काढणाऱ्याला तसं आधी सांगावं, आणि सुई निघाल्यावर कापूस पाच मिनिटं दाबून धरावा, म्हणजे हात काळानिळा होत नाही.

साखरेची गोळी आणि इन्सुलिन मात्र रक्त दिल्यानंतर, नाष्ट्याबरोबर. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन शरीरातली साखर खाली आणतात, मग पोटात अन्न असो वा नसो. सहाला गोळी घेतली आणि नऊपर्यंत काही खाल्लं नाही, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातांना थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. वयस्कर माणसात कधीकधी घाम-थरथर काहीच दिसत नाही, माणूस नुसता गप्प होतो किंवा असंबद्ध बोलतो. रांगेतले लोक म्हणतात, थकले असतील. म्हणून नाव नोंदवण्याच्या टेबलावर साखर आणि पाणी तयार ठेवावं. माणूस शुद्धीत आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

रात्रीचं इन्सुलिन नेहमीप्रमाणे, नेहमीच्या जेवणासह. ज्यांना त्यांच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं आहे त्यांनी तेच पाळावं, आणि शंका असली तर आदल्या दिवशी त्यांनाच विचारावं, हेही नोटिशीत असावं.

अठ्ठेचाळीस माणसांची सकाळ

आता एक उदाहरण मांडून पाहू. समजा, तीन विंगच्या सोसायटीत ४८ ज्येष्ठांनी नाव दिलं आहे. लॅबकडून रक्त काढणारी दोन माणसं येणार आहेत आणि रक्तदाबासाठी दोन टेबलं लावली आहेत. नाव विचारणं, नळीवर चिठ्ठी लावणं, शीर शोधणं आणि कापूस दाबणं धरून एका ज्येष्ठाला पाच मिनिटं लागतात. म्हणजे ४० मिनिटांत एका माणसाकडून ८, दोघांकडून १६ जणांचं रक्त होतं. ४८ जणांच्या १६-१६ च्या तीन फेऱ्या केल्या की सात, सात चाळीस आणि आठ वीस अशा वेळा निघतात आणि नऊपर्यंत सगळे मोकळे होतात.

फेऱ्या विंगप्रमाणे पाडणं सोपं वाटतं, पण गरजेप्रमाणे पाडणं अधिक योग्य. पहिल्या फेरीत साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे सगळे, कारण त्यांचा नाष्टा आणि औषध लांबता कामा नये. दुसऱ्या फेरीत पंच्याहत्तरीच्या पुढचे. तिसऱ्या फेरीत बाकीचे. नवरा-बायको दोघं येणार असतील तर ज्याची फेरी आधी त्याच्याबरोबर दुसऱ्यालाही घ्यावं. एकमेकांच्या आधाराने चालणाऱ्या जोडप्याला दोनदा खाली-वर करायला लावू नये.

हॉलमधला क्रमही ठरवून घ्यावा: नावनोंदणी, पाच मिनिटं खुर्चीवर शांत बसणं, रक्तदाब, मग रक्त, मग नाष्टा, आणि शेवटी डॉक्टर. रक्तदाब सुईच्या आधी, कारण सुई टोचल्यावर आणि टोचण्याच्या धास्तीने तो वाढतो. नाष्टा हॉलमध्येच मिळावा: पोहे किंवा उपमा, आणि बिनसाखरेचा चहा वेगळ्या थर्मासमध्ये. रक्त दिल्यावर घरी जाऊन खाईन म्हणणाऱ्यांना लिफ्टच्या दारात चक्कर येते. गोळी सोबत आणलेली असेल तर ती तिथेच नाष्ट्याबरोबर घेता येते.

जेवणानंतरच्या साखरेसाठी दोन तासांनी पुन्हा रक्त द्यावं लागतं. एवढ्या माणसांचे दोन तास, तेही पहिल्या घासापासून मोजत सांभाळणं बहुतेक सोसायट्यांना जमत नाही. त्याऐवजी ज्यांना मधुमेह आहे त्यांची एचबीए१सी तपासणी करावी. ती साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते आणि तिला उपाशी राहावं लागत नाही. मात्र अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून त्याच रक्तातून हिमोग्लोबिनही बघून घ्यावं.

लॅबशी बोलताना एक प्रश्न जरूर विचारावा: साखरेचं रक्त कुठल्या नळीत घेणार? नळीतल्या रक्तातल्या पेशी साखर वापरत राहतात. साध्या नळीत रक्त तासन् तास पडून राहिलं तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. त्यासाठी राखाडी झाकणाची फ्लोराइड असलेली नळी वापरतात, आणि नमुने हॉलमध्ये दुपारपर्यंत न ठेवता लवकर लॅबमध्ये पोचवतात. वापरलेल्या सुया लॅबनेच बंद डब्यात परत न्यायच्या असतात, त्या सोसायटीच्या कचऱ्यात जाता कामा नयेत.

रक्तदाब: पाच मिनिटं गप्प बसा

शिबिरातला रक्तदाबाचा आकडा खरा यावा यासाठी खर्च काहीच नाही, फक्त थोडी शिस्त लागते. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री काही नको. लघवीला जाऊन यावं, कारण लघवी तुंबली असताना रक्तदाब वाढतो. त्यासाठी तळमजल्यावरचं स्वच्छतागृह सातच्या आधी उघडलेलं आणि स्वच्छ असायला हवं. ही जबाबदारी कुणाची, ते आदल्या दिवशीच ठरवावं. मग पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं बसावं. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, हात टेबलावर छातीच्या उंचीला असावा. मोजताना बोलू नये. बोलण्याने आकडा चढतो, आणि सोसायटीचा हॉल म्हणजे गप्पांची जागा. म्हणून रक्तदाबाची टेबलं नाष्ट्यापासून लांब, कोपऱ्यात लावावीत.

एकदा मोजून थांबू नये. मिनिटाभराने दुसऱ्यांदा मोजावा आणि दोन्ही आकडे लिहावेत. १४०/९० च्या वर आला म्हणजे लगेच आजार ठरत नाही. घरी शांतपणे काही दिवस मोजून मगच डॉक्टर निर्णय घेतात.

ज्येष्ठांसाठी आणखी एक मोजमाप हवं. बसून मोजल्यावर त्यांना उभं करावं, आणि एका व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर रात्री बाथरूमला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडण्याचा धोका असतो. कारण बरेचदा औषधांत सापडतं आणि डॉक्टर डोस किंवा वेळ बदलून ते सुधारू शकतात. आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. ही मोजणी सगळ्यांची जमली नाही तरी ज्यांना उठताना चक्कर येते किंवा जे गेल्या वर्षभरात पडले आहेत, त्यांची व्हायलाच हवी. नावनोंदणीच्या वेळी हे दोन प्रश्न विचारून कागदावर खूण करून ठेवावी.

पिशवीत काय आणायचं?

सर्वात आधी औषधं. नावं लिहिलेला कागद नको, प्रत्यक्ष स्ट्रिपा, बाटल्या, डब्या. चालू असलेली प्रत्येक गोष्ट एका पिशवीत: डॉक्टरांनी दिलेली, दुकानातून आणलेली, वैद्यांचं चूर्ण, काढा, गुडघ्यांसाठी मुलाने पाठवलेल्या गोळ्या, डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा. पिशवी टेबलावर रिकामी केली की डॉक्टरांना दोन गोष्टी लगेच दिसतात. एक म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी तेच औषध दोनदा चालू आहे का. हृदयाच्या डॉक्टरांनी एका नावाने आणि फॅमिली डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने दिलेली रक्तदाबाची एकच गोळी रोज दोनदा पोटात जात असल्याचं इथेच उघडकीला येतं. दुसरी म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्या. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि रक्तदाबही वाढवतात. हे आपणहून सांगायचं कुणाला सुचत नाही, कारण ‘ती तर साधी दुखण्याची गोळी’.

दुसरी गोष्ट, जुने रिपोर्ट. सगळी फाईल नको, शेवटचे दोन रक्ताचे रिपोर्ट आणि शेवटचा ईसीजी पुरे. मूत्रपिंडासाठी पाहतात ते क्रिएटिनिन याचं चांगलं उदाहरण. वयाबरोबर स्नायू कमी होतात, आणि क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होत असल्यामुळे बारीक आजोबांचा आकडा छापील मर्यादेत दिसला तरी मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असू शकतं. गेल्या वर्षी ०.८ होतं आणि यंदा १.२ आहे, हे कळण्यासाठी गेल्या वर्षीचा कागद लागतो. लॅबला वय धरून काढलेला ईजीएफआर हा आकडाही रिपोर्टवर द्यायला सांगावं. आदल्या रात्री मटणाचं भरपेट जेवण मात्र नको, शिजवलेल्या मांसाने क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं.

तिसरं, रोजच्या वापराच्या वस्तू: चष्मा, कानाचं यंत्र, काठी. कपडे सैल बाहीचे, दंडापर्यंत बाही वर जाणारे. ईसीजी असेल तर पुढून उघडणारा सदरा किंवा ब्लाऊज, आणि छातीला तेल-क्रीम लावलेलं नसावं. स्त्रियांच्या ईसीजीसाठी पडदा आणि स्त्री कर्मचारी असतील, हे नोटिशीत स्पष्ट लिहावं. ते लिहिलेलं नसलं की अनेकजणी काही न बोलता ती तपासणी टाळून घरी जातात. डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घालणार असतील तर पुढचे काही तास धूसर दिसतं, म्हणून सोबत कुणीतरी हवं.

चौथं, आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाईल. तपासणीसाठी ते लागत नाहीत, पण ७० पूर्ण केलेल्यांसाठी याच दिवशी एक काम करता येतं. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० आणि त्यापुढच्या सगळ्या नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात. हे संरक्षण कुटुंबामागे असतं, म्हणजे घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर ते दोघांत मिळून. त्यासाठी लागणारं आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवरून निघतं आणि वय आधारवरचंच धरतात. सोसायटीतल्या एखाद्या तरुणाने त्यासाठी टेबल लावलं तर ज्येष्ठांची फेरी वाचते. मोबाईलवर आलेला ओटीपी समोर बसून, कशासाठी ते समजून घेऊनच द्यावा, फोनवर कुणालाही सांगू नये.

काय तपासावं, काय सोडावं

तपासण्यांची यादी लांब असली की शिबिर मोठं वाटतं, पण ज्येष्ठांसाठी थोड्याच गोष्टी उपयोगाच्या. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, नजर, ऐकणं आणि चालणं. यातली शेवटची तपासणी जवळपास कुठल्याच नोटिशीत नसते. तिला एक हात असलेली खुर्ची, जमिनीवर तीन मीटरवर मारलेली खडूची रेघ आणि घड्याळ पुरतं. माणसाने खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. रोज काठी वापरत असतील तर काठीसह. बाजूला एकजण आधाराला उभा हवा. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं समजून डॉक्टरांनी औषधं, नजर, पायांची ताकद याकडे लक्ष द्यायचं.

उलट, पाय यंत्रात ठेवून टाचेवरून हाडांची ठिसूळता सांगणारी तपासणी अनेक शिबिरांत होते. ती फार तर प्राथमिक अंदाज देते. निदानासाठी कंबर आणि मांडीच्या हाडाची डेक्सा तपासणी लागते. टाचेच्या आकड्यावरून तिथेच कॅल्शियमचे डबे घेण्याची घाई करू नये. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा नाही, असंही धरू नये. चालताना छातीत दडपण येत असेल तर ते डॉक्टरांना सांगायचंच.

शिबिर कोण घेतंय, खर्च कोण करतंय, हेही नोटिशीत असावं. रुग्णालयाने शिबिर दिलं असेल तर पुढचे उपचार तिथेच घेण्याचं बंधन नाही, ही ओळ मोकळेपणाने लिहावी.

नोटीस अशी लिहावी

ठळक, मोठ्या अक्षरांत, एका पानावर:

*ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत आरोग्य तपासणी*
*रविवार, (तारीख), सोसायटीचा हॉल, तळमजला*

*आपली वेळ:*
*साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणारे: सकाळी ७:००*
*वय ७५ च्या पुढे: ७:४०*
*बाकी सर्व: ८:२०*
*नवरा-बायकोने एकत्र, जी वेळ आधीची त्या वेळी यावे.*
*डॉक्टरांची भेट: ९:०० ते १२:००*

*शनिवारी: नेहमीसारखे जेवा. जेवण रात्री ९ पर्यंत संपवा. रात्रीचे औषध नेहमीप्रमाणे घ्या.*
*रविवारी सकाळी: पाणी प्या. चहा, दूध, फळ नको.*
*रक्तदाब, थायरॉईड, हृदयाच्या गोळ्या: पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्या.*
*साखरेची गोळी, इन्सुलिन: सोबत आणा. रक्त दिल्यावर नाष्ट्याबरोबर घ्या.*
*आपल्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळा.*

*सोबत आणा: चालू असलेली सर्व औषधे एका पिशवीत, शेवटचे दोन रिपोर्ट, चष्मा, कानाचे यंत्र, काठी. ७० पूर्ण असल्यास आधार कार्ड व मोबाईल.*

*नाष्टा हॉलमध्ये मिळेल. स्त्रियांसाठी पडद्याची सोय व स्त्री कर्मचारी. खाली येता येत नसेल तर कळवा, घरी येऊन तपासू.*
*नाव गुरुवारी संध्याकाळपर्यंत सोसायटी कार्यालयात द्या.*
*रिपोर्ट: बुधवारी सायंकाळी ५ ते ७, डॉक्टरांसमवेत.*

ही नोटीस व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून काम संपत नाही. ज्यांना ती सर्वांत जास्त हवी आहे ते ग्रुपवर नसतात, किंवा मोबाईलवरची बारीक अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. कागद प्रत्येक दारात द्यावा. आणि शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास, जेवणाच्या आधी, नाव दिलेल्या प्रत्येकाला एक फोन: ‘आजोबा, उद्या तुमची वेळ सातची आहे. आज नेहमीसारखं जेवा. उद्या बीपीची गोळी घेऊन या, साखरेची सोबत आणा.’ चार माणसांनी बारा-बारा फोन वाटून घेतले की ४८ जणांचं काम आटोपतं. अंथरुणाला खिळलेले आणि एकटे राहणारे यांची यादी वॉचमन आणि घरकामाच्या मावशींना विचारून करावी, त्यांना सगळ्या घरांची माहिती असते.

रिपोर्टच्या दिवशी

काही आकडे बुधवारपर्यंत थांबू शकत नाहीत. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर आली तर लॅबने त्याच दिवशी फोन करावा, हे आधी ठरवून घ्यावं. हॉलमध्ये रक्तदाब १८०/१२० किंवा वर आला तर पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजावा, आणि तसाच राहिला तर डॉक्टरांनी लगेच बघावं. सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल, तर वाट न बघता १०८.

बाकीचे रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचे त्याच्या हातात. ग्रुपवर टाकू नयेत, मुलालाही त्यांच्या परवानगीशिवाय पाठवू नयेत. आणि पाकिटाबरोबर डॉक्टरांची पाच मिनिटं मिळायला हवीत, कारण लाल शाईतला आकडा एकट्याने वाचला की माणूस एकतर घाबरतो किंवा कागद कपाटात ठेवतो. पहिल्यांदाच १३२ साखर आलेल्या आजोबांना डॉक्टरांनी सांगायचं असतं की अजून मधुमेह ठरलेला नाही, येत्या काही दिवसांत पुन्हा उपाशीपोटी तपासा. ती फेरतपासणी कधी आणि कुठे, हे पाकिटावरच लिहून द्यावं. महिन्याभराने कार्यकारिणीतल्या एखाद्याने ज्यांच्या पाकिटावर तशी तारीख होती त्यांना विचारावं, ‘तपासून आलात का?’ न जमलेल्यांना लॅबपर्यंत नेण्याची सोय त्याच फोनवर ठरवावी. पुढच्या वर्षीच्या नोटिशीत ‘शेवटचे दोन रिपोर्ट आणा’ ही ओळ वाचताना हेच पाकीट पिशवीत जाईल, आणि डॉक्टरांना तुलनेला दोन आकडे मिळतील.